हळदीच्या एका कंटेनरची कागदपत्रे: मूळ देश प्रमाणपत्र आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांचे मराठी भाषांतर कसे करावे

सांगली जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्या थेट निर्यातीकडे वळू लागल्यापासून त्यांच्या कार्यालयांत इंग्रजी प्रमाणपत्रांच्या फायली साठतात आणि त्यांच्या मराठी प्रती कोणी ना कोणी मागत असते. संचालक मंडळाला ठराव करण्यापूर्वी कागद वाचायचा असतो, पतपुरवठा करणाऱ्या सहकारी बँकेला फाइलमध्ये भाषांतर हवे असते, आणि सभासदांच्या वाट्याचा हिशेब अडला की हीच प्रमाणपत्रे लेखापरीक्षकापुढे येतात. हे काम बहुधा इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याकडे किंवा बाजारपेठेतील टंकलेखन केंद्राकडे जाते. हा लेख अशा नवशिक्या भाषांतरकारासाठी आहे. त्यात एकच खेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतली आहे. समजा, वाळलेल्या हळकुंडांचा एक कंटेनर न्हावा शेवा बंदरातून संयुक्त अरब अमिरातीतील जेबेल अली बंदराकडे निघाला आहे. माल ३६० पोती, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे निव्वळ वजन १८,००० किलो इतका आहे.

कागद हातात आल्यावर प्रथम काय पाहावे

दोन्ही प्रमाणपत्रे एकाच मालाची असली तरी त्यांचे काम वेगळे असते. मूळ देश प्रमाणपत्र, ज्याला व्यापारी सरसकट 'सीओओ' म्हणतात, ते सीमाशुल्कासाठी असते, आणि माल कोणत्या देशाचा मानायचा हे त्यावरून ठरते. त्याचे दोन प्रकार आहेत. व्यापार करारानुसार शुल्कात सवलत मिळवण्यासाठी दिले जाते ते सवलतीचे प्रमाणपत्र, आणि केवळ मूळ देश सांगणारे ते बिगर-सवलतीचे. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे आपल्या उदाहरणातील प्रमाणपत्र त्या करारातील ठरीव नमुन्यावर असेल. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतले 'फायटो', हे आयात करणाऱ्या देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेला उद्देशून असते. ते केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाचे किंवा त्यासाठी अधिकार दिलेले अधिकारी देतात. त्याचा नमुना आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखालील मानक क्रमांक १२ ने ठरवून दिलेला आहे, म्हणूनच जगातील बहुतेक देशांच्या फायटोवर रकाने आणि वाक्ये जवळपास सारखी दिसतात.

आपली मराठी प्रत ही प्रमाणपत्र नसते, हे दुसऱ्या कोणी विचारण्यापूर्वी कागदावरच दिसले पाहिजे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'केवळ माहितीसाठी मराठी भाषांतर. मूळ इंग्रजी प्रमाणपत्र ग्राह्य' असे लिहावे आणि त्याखाली मूळ प्रमाणपत्राचा क्रमांक द्यावा. मूळ कागदावरील शिक्क्याची किंवा स्वाक्षरीची प्रतिमा मराठी प्रतीवर कधीही चिकटवू नये. तिथे चौकोनी कंसात [गोल शिक्का], [स्वाक्षरी], [क्यूआर संकेत] असे शब्दांत नोंदवावे. शिक्क्यातील मजकूर वाचता येत असेल तर त्याचे भाषांतर द्यावे, आणि येत नसेल तर 'शिक्क्यातील मजकूर अवाच्य' असे लिहून पुढे जावे. अंदाजाने शिक्का वाचणे हा या कामातला सर्वांत वाईट मोह आहे, कारण तो अंदाज बहुधा बरोबरही निघतो आणि सवय लावून जातो.

टंकलेखनाची तयारी

हा भाग किरकोळ वाटतो, पण चुकांचा मोठा वाटा इथूनच येतो. आपल्याकडील बऱ्याच टंकलेखन केंद्रांत अजून जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये काम चालते. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी चिन्ह बसवलेले असल्यामुळे इंग्रजीतला प्रमाणपत्र क्रमांक किंवा वनस्पतीचे शास्त्रीय नाव तिथे चिकटवले की त्याचा निरर्थक मजकूर होतो, आणि घाईत तो कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून संपूर्ण काम युनिकोडमध्ये करावे.

अंकांबाबत एक नियम सुरुवातीलाच ठरवून घ्यावा. वाक्यात येणारी वर्षे, संख्या आणि तारखा देवनागरी अंकांत लिहिण्यास हरकत नाही. मात्र जो आकडा संकेत म्हणून वापरला जातो, म्हणजे उत्पादनाचा संकेतांक, प्रमाणपत्र क्रमांक, कंटेनर आणि सील क्रमांक, निर्यातदाराचा आयात-निर्यात संकेतांक, पोत्यांवरील खुणा, तो मूळ कागदावर जसा आहे तसाच, रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत ठेवावा. तो हाताने पुन्हा टंकित करू नये. मूळ फाइलमधून उचलून चिकटवावा आणि नंतर एकेक अक्षर ताडून पाहावे. मूळ प्रत स्कॅन केलेली असेल तर शून्य आणि ओ हे अक्षर, तसेच एक आणि आय हे अक्षर यांची गल्लत होते, तेव्हा तो संकेत बिल ऑफ लेडिंगवर किंवा बीजकावर शोधून त्याच्याशी पडताळावा.

उत्पादनाचा संकेतांक

मालाच्या वर्गीकरणाची 'एचएस' नावाची पद्धत जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेली आहे. तिचे पहिले सहा अंक ही पद्धत स्वीकारलेल्या सर्व देशांत सारखे असतात आणि त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. हळदीचा सहा अंकी संकेतांक `0910.30` आहे. भारतात त्याचे पुढे विभाग पडतात, आणि वाळलेल्या हळदीला `09103020`, तर हळद पावडरीला `09103030` असा आठ अंकी संकेतांक आहे. शिपिंग बिलावर आठ अंक दिसतात. व्यापार करारांच्या प्रमाणपत्रांवर मात्र अनेकदा सहाच अंक असतात. नवशिक्याला ही तफावत म्हणजे चूक वाटते आणि तो शिपिंग बिल पाहून मराठी प्रतीत दोन अंक वाढवतो. असे करू नये. प्रमाणपत्रावर सहा अंक असतील तर मराठीतही सहाच ठेवावेत आणि मधला बिंदू असेल तर तोही तसाच ठेवावा. गंतव्य देशाच्या पद्धतीनुसार पुढचे अंक वेगळे असू शकतात, तेव्हा भारतीय अंक तिथे जोडणे म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालणे होय.

दुसरा धोका सुरुवातीच्या शून्याचा आहे. कंपनीतील कर्मचारी खेपांची नोंद एक्सेलमध्ये ठेवतात, आणि एक्सेल त्या रकान्याला संख्या समजून पुढचा शून्य गाळून टाकते. मग `09103020` ऐवजी `9103020` उरते. एचएस पद्धतीत नववे प्रकरण चहा, कॉफी आणि मसाल्यांचे आहे, आणि एक्क्याण्णवावे घड्याळांचे. `9103` या शीर्षाखाली एका प्रकारची घड्याळे येतात. अर्थात मराठी प्रतीमुळे कोणी हळदीवर घड्याळाचे शुल्क लावणार नाही, पण तीच यादी पुढच्या खेपेच्या अर्जासाठी वापरली गेली तर अर्ज अडकतो. उपाय साधा आहे. त्या रकान्याचे स्वरूप 'टेक्स्ट' करावे आणि मगच संकेतांक भरावा. शून्य एकदा गळाल्यावर नुसते स्वरूप बदलून तो परत येत नाही, तो पुन्हा भरावा लागतो.

आता आपल्या उदाहरणातील प्रमाणपत्राचा एक भाग पाहू.

```
MARKS & NOS : SGL/TUR/001-360
PACKAGES    : 360 PP BAGS
HS CODE     : 0910.30
ORIGIN CRIT.: WO
NET WT      : 18000.000 KGS
```

पहिली ओळ म्हणजे पोत्यांवर छापलेली ओळखीची खूण आहे. तिचे भाषांतर होत नाही आणि लिप्यंतरही होत नाही, कारण गोदामात पोते शोधणारा माणूस तीच अक्षरे शोधणार असतो. दुसऱ्या ओळीचे '३६० पीपी पोती' असे होईल. शेवटच्या ओळीत दशांश बिंदूनंतर तीन शून्ये आहेत, म्हणजे वजन ग्रॅमपर्यंत लिहिले आहे. तो बिंदू स्वल्पविराम समजून वाचला की अठरा हजार किलोचे एक कोटी ऐंशी लाख होतात. मराठीत '१८,०००.००० किलो' असे लिहावे, आणि शंका उरू नये म्हणून त्यापुढे 'अठरा हजार किलो' असे अक्षरी द्यावे, मात्र अक्षरी रक्कम आपण जोडली आहे हे टीपेत सांगावे. क्विंटल करू नये. सांगलीच्या बाजारात सौदा क्विंटलवर होतो म्हणून वाचणाऱ्याला ते सोयीचे वाटेल, पण प्रमाणपत्रातील एकक बदलण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

`WO` हा मूळ देशाचा निकष आहे. माल पूर्णपणे निर्यातदार देशातच मिळवलेला आहे, म्हणजे इथे लावला, इथेच काढला, असा त्याचा अर्थ. अक्षरे तशीच ठेवून पुढे 'संपूर्णपणे निर्यातदार देशात प्राप्त' असे स्पष्टीकरण द्यावे. करार बदलला की हीच गोष्ट सांगणारी अक्षरेही बदलतात. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराच्या नमुन्यात तिथे `A` येतो. म्हणून जुन्या खेपेच्या भाषांतरातून हा रकाना उचलू नये. प्रमाणपत्राच्या मागील बाजूस निकषांचा खुलासा छापलेला असतो, तो वाचूनच मराठी द्यावे. प्रमाणपत्र जहाज सुटल्यानंतर दिले गेले असेल तर त्यावर तसा शेरा असतो. त्याचे भाषांतर 'पूर्वलक्षी प्रभावाने दिलेले' असे करावे. हा शेरा कोपऱ्यात लहान अक्षरांत असल्यामुळे गाळला जातो, पण बँकेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा असतो.

मूळ ठिकाण: येथे सर्वांत जास्त सावध राहावे

दोन्ही प्रमाणपत्रांत मूळ ठिकाणाचा उल्लेख येतो, पण अर्थ एक नसतो. मूळ देश प्रमाणपत्रातील 'ओरिजिन' हा सीमाशुल्काच्या नियमांनी ठरणारा देश आहे. फायटोवरील 'प्लेस ऑफ ओरिजिन' हा वनस्पती आरोग्याच्या दृष्टीने माल कुठला, म्हणजे सर्वसाधारणपणे तो कुठे पिकला, हे सांगणारा रकाना आहे. म्हणून मराठीत पहिल्यासाठी 'मूळ देश' आणि दुसऱ्यासाठी 'मूळ ठिकाण' असे वेगळे शब्द वापरून शेवटपर्यंत तेच पाळावेत.

आपल्या भागात या रकान्याला एक खास गुंता आहे. सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे येणारी सगळी हळद सांगली जिल्ह्यातली नसते. मराठवाडा, कर्नाटक आणि तेलंगणाकडूनही माल येतो, आणि व्यापारात त्याला सहजपणे सांगलीची हळद म्हटले जाते. 'सांगली हळद' हे भौगोलिक मानांकन मिळालेले नाव आहे, हेही लक्षात ठेवावे. समजा, प्रमाणपत्रावर मालाचे वर्णन 'ड्राय टर्मरिक फिंगर' आणि मूळ ठिकाण 'महाराष्ट्र, भारत' एवढेच असेल, तर मराठीत 'वाळलेली हळकुंडे' आणि 'महाराष्ट्र, भारत' एवढेच यावे. कंपनी सांगलीची आहे, पोती मिरज रस्त्यावरील गोदामात भरली गेली आहेत, हे सर्व माहीत असूनही तिथे 'सांगली' लिहू नये. एखादे संचालक प्रेमाने आग्रह धरतात की आपल्या गावाचे नाव येऊ द्या. त्यांना मूळ कागद दाखवावा आणि विषय तिथेच थांबवावा.

हळकुंड आणि गट्टा यांतील फरक आपल्याला माहीत असतो, भावही वेगळे असतात. इंग्रजीत 'फिंगर' म्हणजे हळकुंड आणि 'बल्ब' म्हणजे गट्टा. पण प्रमाणपत्रावर नुसते 'टर्मरिक' असेल तर नुसते 'हळद' लिहावे, बीजक पाहून 'हळकुंड' करू नये. फायटोवर याखेरीज वनस्पतीचे शास्त्रीय नाव असते. ते *Curcuma longa* असे रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत ठेवावे. पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे आणि दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत असतो. मूळ कागदावर सगळी अक्षरे मोठी छापली असतील तर तीही तशीच ठेवावीत.

फायटोची ठरीव वाक्ये

फायटोवरील मुख्य प्रमाणन वाक्य अधिकाऱ्याने त्या दिवशी रचलेले नसते. ते मानक क्रमांक १२ च्या नमुन्यातले असते आणि त्या नमुन्याशी विसंगत शब्दरचना असलेले प्रमाणपत्र अमान्य ठरू शकते. म्हणून त्याचे मराठीही एकदा विचारपूर्वक करून जपून ठेवावे आणि प्रत्येक खेपेला तेच वापरावे. मात्र वापरण्यापूर्वी मूळ वाक्य नमुन्याबरहुकूम आहे ना, हे दर वेळी ताडावे. मी सुचवीन ते मराठी असे:

'याद्वारे प्रमाणित करण्यात येते की, यात वर्णन केलेल्या वनस्पती, वनस्पतिजन्य उत्पादने किंवा इतर विनियमित वस्तू यांची योग्य त्या अधिकृत कार्यपद्धतींनुसार पाहणी आणि/किंवा चाचणी करण्यात आली असून, आयात करणाऱ्या करारपक्षाने विनिर्दिष्ट केलेल्या क्वारंटाइन कीड-रोगांपासून त्या मुक्त असल्याचे मानण्यात येते, तसेच विनियमित बिगर-क्वारंटाइन कीड-रोगांसंबंधीच्या आवश्यकतांसह, आयात करणाऱ्या करारपक्षाच्या वनस्पती आरोग्यविषयक प्रचलित आवश्यकतांची त्या पूर्तता करतात.'

वाक्य लांब आहे आणि ते तोडून सोपे करण्याची इच्छा होते, पण त्यातल्या अटी एकमेकींवर टेकलेल्या असल्यामुळे तोडताना एखादी निसटते. 'मुक्त आहेत' असे लिहिले तर वाक्य सुटसुटीत होते, पण अधिकाऱ्याने 'मुक्त असल्याचे मानण्यात येते' इतकेच म्हटलेले असते. 'पाहणी' आणि 'चाचणी' हे शब्दही वेगळे ठेवावेत. पाहणी डोळ्यांनी होते, चाचणी प्रयोगशाळेत किंवा ठरावीक पद्धतीने होते, आणि 'तपासणी' हा सैल शब्द दोन्हींसाठी वापरला की काय झाले ते कळत नाही. इंग्रजीतील 'पेस्ट' या शब्दाची व्याख्या या करारात फार रुंद आहे. वनस्पतींना अपाय करणारी कोणतीही वनस्पती, प्राणी किंवा रोगकारक घटक तिच्यात येतो, म्हणजे बुरशी आणि तणही आले. नुसते 'कीड' लिहिले तर आपला शेतकरी त्यातून अळी आणि भुंगेराच समजेल, म्हणून 'कीड-रोग' असा जोडशब्द घ्यावा आणि शेवटी एका टीपेत त्याची व्याप्ती सांगावी.

'डिक्लेअर्ड', म्हणजे 'घोषित', हा शब्द फायटोवर अनेक रकान्यांत येतो: माल घेणाऱ्याचे घोषित नाव व पत्ता, वाहतुकीचे घोषित साधन, प्रवेशाचे घोषित ठिकाण, घोषित परिमाण. भाषांतरकाराला हा शब्द भरतीचा वाटतो आणि तो गाळतो. वास्तविक त्याचा अर्थ असा की ती माहिती निर्यातदाराने सांगितली आहे, आणि अधिकाऱ्याने ती तशी नोंदवली आहे. पुढे मालाचे वजन कमी भरले आणि वाद झाला, तर 'परिमाण: १८,००० किलो' आणि 'घोषित परिमाण: १८,००० किलो' यांतला फरक सभासदांना समजावून सांगावा लागतो. पहिल्या शब्दरचनेवरून त्यांचा असा समज होईल की सरकारी अधिकाऱ्याने माल तोलून दिला होता.

रिकाम्या रकान्यांत इंग्रजीत 'नन' लिहिलेले असते किंवा रेघ मारलेली असते, कारण मोकळ्या जागेत नंतर कोणी काही भरू नये. आपल्या सरकारी मराठीतला 'निरंक' हा शब्द इथे चपखल बसतो. रेघ असेल तर [रेघ मारलेली] असे लिहावे. रकानाच वगळून टाकू नये.

अतिरिक्त घोषणा आणि मालावरील प्रक्रिया

अतिरिक्त घोषणेच्या रकान्यात आयात करणाऱ्या देशाने मागितलेलेच निवेदन येते. आपल्या उदाहरणात समजा, पाहणीत खेप *Trogoderma granarium* पासून मुक्त आढळल्याचे लिहिले आहे. ही साठवणुकीतली कुप्रसिद्ध कीड, आपल्याकडचा खापरा भुंगेरा. मराठीत 'खेपेची पाहणी करण्यात आली आणि ती *Trogoderma granarium* (खापरा भुंगेरा) पासून मुक्त आढळली' असे लिहावे. शास्त्रीय नाव मूळ, आणि मराठी नाव वाचकाच्या सोयीसाठी कंसात. मराठी नावाची खात्री नसेल तर कंस रिकामा न ठेवता काढूनच टाकावा. याच रकान्यात कधी कधी कीड-रोगमुक्त क्षेत्र, कीड-रोगमुक्त उत्पादन स्थळ आणि कीड-रोगमुक्त उत्पादन जागा असे शब्द येतात. ते मानकांत वेगवेगळे आहेत. क्षेत्र हा मोठा प्रदेश असतो, उत्पादन स्थळ म्हणजे एकत्र चालवली जाणारी शेती, आणि उत्पादन जागा म्हणजे त्या शेतीतला ठरावीक वेगळा भाग. तिन्हींसाठी 'क्षेत्र' लिहिले तर एका वावराबद्दलचे निवेदन तालुक्याला लागू झाल्यासारखे दिसेल.

प्रक्रियेच्या रकान्यात धुरीकरणाची माहिती असते. समजा, मिथाइल ब्रोमाइड, मात्रा ३२ ग्रॅम प्रति घनमीटर, कालावधी २४ तास, तापमान २१ अंश सेल्सिअस, आणि तारीख. इथे 'घन' हा शब्द गळू देऊ नये, कारण मात्रा बंदिस्त जागेच्या आकारमानावर मोजलेली असते. रसायनाचे नाव देवनागरीत लिहून पुढे मूळ स्पेलिंग ठेवावे. धुरीकरणाची तारीख आणि प्रमाणपत्र देण्याची तारीख या दोन वेगळ्या आहेत, तेव्हा मराठीत प्रत्येकीसमोर ती कशाची हे स्पष्ट लिहावे. तारीख `03/04/2025` अशी असेल तर भारतीय कागदावर ती ३ एप्रिल असणार हे आपल्याला ठाऊक असते, तरी ती अंकांत जशी आहे तशीच ठेवावी आणि महिन्याचे नाव टीपेत द्यावे.

हळदीला पॉलिश केले होते, ती शिजवून वाळवली होती, असे शेतकरी सांगतील आणि हे प्रक्रियेत का नाही असे विचारतील. द्राक्षाच्या पेटीतील ग्रेपगार्डबद्दल आणि बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीबद्दलही हाच प्रश्न तासगावकडे विचारला जातो. हा रकाना कीड-रोगांच्या बंदोबस्तासाठी केलेल्या आणि आयात करणाऱ्या देशाला मान्य असलेल्या प्रक्रियेपुरता असतो. रंग, टिकाऊपणा किंवा प्रतवारीसाठी केलेल्या कामांची जागा तिथे नाही, आणि भाषांतरात ती जागा निर्माण करता येत नाही.

मूळ कागदात चूक आढळली तर

भाषांतर पूर्ण झाल्यावर दोन्ही प्रमाणपत्रे, बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग शेजारी ठेवून निर्यातदाराचे नाव, पोत्यांची संख्या, खुणा, वजन आणि मालाचे वर्णन एकमेकांशी जुळते का ते पाहावे. समजा, फायटोवर ३६० पोती आहेत आणि मूळ देश प्रमाणपत्रावर ३५०. अशा वेळी मराठी प्रतीत ३५० च लिहावे, त्यावर खुणेचा आकडा टाकावा आणि पानाखाली 'मूळ प्रमाणपत्रात असेच आहे. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रात ३६० नमूद' अशी भाषांतरकाराची टीप द्यावी. त्याच दिवशी निर्यात पाहणाऱ्या व्यक्तीला हे लेखी कळवावे, कारण मूळ कागद दुरुस्त करण्याचा किंवा बदलून देण्याचा अधिकार तो देणाऱ्या यंत्रणेलाच आहे. फायटोवर कोणी पेनाने दुरुस्ती केली किंवा खाडाखोड केली आणि ती अधिकाऱ्याने अधिकृतपणे केलेली नसेल, तर ते प्रमाणपत्र अमान्य ठरू शकते. बंदरावर कंटेनर अडकण्यापूर्वी तफावत सापडली तर बदली प्रमाणपत्र मागायला वेळ असतो. म्हणूनच हे भाषांतर माल रवाना होण्यापूर्वी व्हावे, असा माझा आग्रह असतो. माल पोहोचल्यावर केलेली मराठी प्रत फाइलची शोभा वाढवते, यापलीकडे तिचा फारसा उपयोग नाही.

एक विशेष प्रसंगही सांगतो. परदेशातून आणलेली हळद इथून पुन्हा निर्यात होत असेल तर फायटोऐवजी पुनर्निर्यातीसाठीचे वेगळे प्रमाणपत्र मिळते. त्याचे शीर्षक आणि प्रमाणन वाक्य दोन्ही वेगळी असतात, आणि त्यावर वर दिलेले ठरीव मराठी वाक्य चिकटवणे चुकीचे होईल.

प्रत सुपूर्द करताना

शेवटी दुसऱ्या माणसाकडून वाचन करवून घ्यावे. एकाने मूळ इंग्रजीतील संकेत, आकडे आणि नावे मोठ्याने वाचावीत आणि दुसऱ्याने मराठी प्रतीवर बोट ठेवून ती मिळवावीत. अक्षरे सुटी सुटी वाचावीत, 'एसजीएल' असे एका दमात नव्हे. सही करताना भाषांतरकाराने आपले नाव, तारीख आणि 'मूळ प्रतीवरून भाषांतर केले' किंवा 'स्कॅन केलेल्या प्रतीवरून भाषांतर केले' यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. फाइलला मूळ प्रमाणपत्राचा क्रमांक नाव म्हणून द्यावा आणि ज्या प्रतीवरून काम केले तीही त्याच फाइलमध्ये ठेवावी. बदली प्रमाणपत्र आले तर जुन्या मराठी प्रतीवर 'रद्द. नवीन प्रमाणपत्र क्रमांक अमुक' असा शेरा मारून ती ठेवावी, आणि नवे भाषांतर जुन्यात बदल करून न करता नव्या कागदावरून पुन्हा करावे.